रात्री उशिरा येणारे पाहुणे आणि काउंटरवरचं बोलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किनाऱ्यावरच्या लहान हॉटेलांत नाइट ड्यूटी करणारी मुलं-मुली मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलंय. मी स्वतः गणपतीपुळे आणि मालवणच्या बाजूला बरीच वर्षं रात्रपाळी केली आहे. वीस-तीस खोल्यांचं हॉटेल, काउंटरवर एकच माणूस आणि स्वयंपाकघर दहाला बंद, हे चित्र धरून मी बोलतोय. मोठ्या रिसॉर्टच्या पद्धती वेगळ्या असतात.

रात्री एकला दमून आलेल्या पाहुण्याला नेमकं काय बोलायचं? एकदा सलग लिहून द्या.

घ्या. शुक्रवारची रात्र उलटून गेलीय, घड्याळात पाऊण वाजलाय, असं समजा.

"नमस्कार, या या. आधी बसा, पाणी घ्या. एक सही इथे, बाकीचं सकाळी बघू. ही तुमची दोन कार्डं, खोलीचा नंबर पाकिटावर लिहिलाय. कार्ड कुलपाला टेकवून धरायचं, हिरवा दिवा लागला की लगेच मूठ खाली दाबायची. आत गेल्यावर तेच कार्ड दाराजवळच्या खाचेत ठेवा, मग दिवे आणि एसी चालू होतील. नेटचं नाव आणि पासवर्ड पाकिटात आतल्या बाजूला आहे. नाश्ता शनिवारी सकाळी, म्हणजे आता झोपून उठाल तेव्हा, साडेसात ते दहा, इथेच खाली. काही लागलं तर खोलीतल्या फोनवर नऊ दाबा, मी रात्रभर इथेच आहे. चला, बॅग द्या."

घाई न करता बोललात तरी पाऊण मिनिटात होतं. घरी घड्याळ लावून मोठ्याने म्हणून बघा. मिनिटाच्या वर गेलं, तर तुम्ही त्यात स्विमिंग पूल नाहीतर चेकआउटचे नियम घुसडलेत. ते दोन्ही सकाळसाठी ठेवा.

आधी कार्ड, मग नेट, शेवटी नाश्ता, हाच क्रम का?

पाहुण्याला ज्या क्रमाने लागतं त्या क्रमाने सांगायचं. कार्ड दोन मिनिटांत लागणार आहे, नेट दहा मिनिटांत, नाश्ता सात तासांनी. शिवाय शेवटचं वाक्य जास्त लक्षात राहतं आणि नाश्त्याची वेळ ही एकच गोष्ट त्याला डोक्यात घेऊन झोपायची असते. कार्ड समोर करून दाखवता येतं, पासवर्ड कागदावर असतो.

काउंटरवर नवीन आलेली मुलं उलटं करतात. सुरुवातीलाच नाश्त्यात काय काय आहे ते सांगतात, घावणे, आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ. ऐकायला छान वाटतं, पण खांद्यावर झोपलेलं पोर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्या वेळी फक्त खोलीचं दार दिसत असतं.

खोलीचा नंबर तोंडाने का सांगायचा नाही? आमच्याकडे तर सगळे सांगतात.

लॉबीत दुसरं कोणी बसलेलं असू शकतं. विशेषतः एकटी बाई आली असेल तर तिचा खोली नंबर तिऱ्हाइताच्या कानावर जाता कामा नये. पाकिटावर पेनाने ठळक लिहा, बोट ठेवून दाखवा आणि "ही तुमची खोली, पहिल्या मजल्यावर डाव्या हाताला" एवढंच म्हणा. कार्डावर मात्र नंबर लिहू नका. कार्ड समुद्रावर पडलं तर सापडणाऱ्याला दार कुठलं ते कळू नये, एवढ्यासाठीच ते कोरं असतं.

दाखवून दिलं तरी पाहुणे परत खाली येतात, "कार्ड चालत नाही". नेमकं कुठे अडतं?

बहुतेक वेळा तीनच जागी. एक म्हणजे लोक कार्ड फिरवतात, कुलपासमोरून झपकन नेतात. ती सवय जुन्या काळ्या पट्टीच्या कार्डांची. आताचं कार्ड टेकवून क्षणभर स्थिर धरावं लागतं. दुसरं, हिरवा दिवा लागतो, पाहुणा वळून बायकोला "लागला बघ" म्हणतो आणि मग मूठ दाबतो. तोवर कुलूप परत बंद झालेलं असतं, ते पाच-सात सेकंदच थांबतं. म्हणून "लगेच" हा शब्द वाक्यात ठेवलाय, तो गाळू नका.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. आपण दोन कार्डं एका पाकिटात घालून देतो आणि पाहुणा ते पाकीट तसंच्या तसं कुलपाला लावतो. दोन्ही कार्डं एकदम उत्तर द्यायला लागली की कुलूप गोंधळतं, कधी लाल दिवा दाखवतं, कधी काहीच नाही. यावर माझा उपाय साधा आहे. एक कार्ड पाकिटात आणि दुसरं सुटं हातात द्यायचं.

"खोलीत लाइटच नाही" असा फोन येतो तेव्हा?

आधी विचारा, "साहेब, कार्ड खाचेत ठेवलंय का?" रात्री येणाऱ्या दहा फोनांतले बहुतेक इथेच संपतात. विचारताना आवाजात "एवढं सांगितलं तरी" असा सूर नको, कारण अंधारात चाचपडणाऱ्या माणसाला खाच दिसतच नसते. आमच्याकडे शेवटी खाचेच्या कडेला अंधारात चमकणारी पट्टी चिकटवली, तेव्हा हे फोन कमी झाले.

पावसाळ्यात खरोखरच वीज गेलेली असू शकते. मग आधी पाहुण्याला धीर द्या की दार अडणार नाही. कुलूप दारातल्या सेलवर चालतं, विजेशी त्याचा संबंध नाही. जनरेटरला किती मिनिटं लागतात ते खरं सांगा. "दोन मिनिटांत" म्हणून दहा लावू नका.

दुसरं कार्ड करून दिलं की पहिलं बंद पडतं. असं का होतं?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो आणि यात चूक पाहुण्याची कधीच नसते. माझ्याच हातून घडलेला प्रसंग सांगतो.

पुण्याचं कुटुंब आंबा घाट उतरून रात्री बारा चाळीसला पोचलं. मी एक कार्ड करून वहिनींना दिलं, त्या मुलाला घेऊन वर गेल्या. दादा गाडी लावून आले आणि म्हणाले, अजून एक द्या. मी सॉफ्टवेअरमध्ये तोच खोली नंबर टाकला, सवयीने "नवीन पाहुणा" दाबलं आणि कार्ड दिलं. दादांनी वर जाऊन आपल्या कार्डाने दार उघडलं, सगळे झोपले. सकाळी साडेआठला वहिनी नाश्ता करून वर गेल्या तर दाराला लाल दिवा. आत मूल झोपलेलं, दादा अंघोळीला.

झालं असं होतं. कुलपाची काउंटरवरच्या कंप्यूटरला जोडणी नसते, त्याला जे कळतं ते कार्डातूनच. "नवीन पाहुणा" म्हणून केलेलं कार्ड लागलं की कुलूप समजतं, आधीचा माणूस गेला, त्याची कार्डं रद्द. म्हणजे वहिनींचं कार्ड मी रात्री काउंटरवर रद्द केलंच नव्हतं. दादांनी दार उघडलं त्या क्षणी ते रद्द झालं. म्हणून रात्री कुणाला काही कळलं नाही आणि बोंब सकाळी झाली.

यात एक फसवी गोष्ट आहे. वहिनींचं कार्ड रात्रभर खाचेत होतं आणि दिवे चालू होते, त्यामुळे त्या ठामपणे म्हणत होत्या की कार्ड चांगलं आहे. साध्या खाचेला कार्ड कोणाचं आणि कुठल्या तारखेचं याचं काही देणंघेणं नसतं. आत दिवे लागतात यावरून दार उघडेल असं धरू नका.

उपाय असा की दुसरं कार्ड नेहमी "कॉपी" किंवा "डुप्लिकेट" या बटणाने करायचं. नाव सॉफ्टवेअरप्रमाणे बदलतं, तुमच्याकडे कुठलं आहे ते आजच बघून ठेवा. त्याहून बरं म्हणजे पाहुणा मागो न मागो, सुरुवातीलाच दोन कार्डं करायची. कार्ड हरवलं असेल तर मात्र मुद्दाम "नवीन"च करा आणि ते आपण स्वतः एकदा दाराला लावून या. लावलं नाही तोवर हरवलेलं कार्ड जिवंत असतं.

मोबाइलजवळ ठेवलं म्हणून कार्ड पुसलं गेलं, असं सांगायचं का?

तुमची कार्डं काळ्या पट्टीची असतील तर हो, चुंबकाने ती बिघडतात. टेकवायच्या कार्डांना मोबाइलने काही होत नाही. तरी बरेच जण ही सबब तोंडावर फेकतात. अशा कार्डाला लाल दिवा लागला तर आधी वरच्या उत्तरातलं कारण आणि खालची तारखेची भानगड तपासा.

वाय-फायचा पासवर्ड तोंडी सांगावा की नुसता लिहून द्यावा?

लिहून. "कॅपिटल एम, मग छोटा ए, मग ॲट" हे रात्री एकला कुणालाच झेपत नाही, सांगणाऱ्यालाही. पासवर्ड ठरवताना मालकांना एक विनंती करा, त्यात शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि छोटा एल अशी जुळी अक्षरं नकोत. पाकीट हाताने लिहीत असाल तर मुळीच नकोत.

बोलताना एकच गोष्ट सांगायची, नेटचं नाव. दोन-तीन नावं दिसतात आणि पाहुणा स्टाफचं किंवा शेजारच्या होमस्टेचं नाव दाबत बसतो.

मोबाइल नंबर टाकला तरी ओटीपी येत नाही, किंवा लॉगिनचं पानच उघडत नाही. आता?

दोन वेगळे आजार आहेत, आधी कुठला ते विचारून घ्या.

पान उघडतंय पण ओटीपी येत नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा पाहुण्याच्या सिमला इथे रेंज नाही. किनाऱ्याच्या खळग्यात वसलेल्या गावांत हे रोजचं आहे. एका कंपनीचं सिम चालतं, दुसऱ्याचं रस्त्यावर चढून गेल्याशिवाय चालत नाही. परदेशी नंबरांवर तर पुष्कळदा ओटीपी जातच नाही. त्यांच्यासाठी काउंटरवर आधीच काढून ठेवलेले कूपन कोड हवेत. ते कुणाला दिले त्याची रजिस्टरला नोंद ठेवा, नाव आणि खोलीसकट. ओटीपी मागतात तो कोण वापरतंय याची नोंद राहावी म्हणून, कूपन दिलं तरी ती नोंद चुकवायची नाही.

पानच उघडत नसेल तर पाहुण्याला ब्राउझरमध्ये हे टाइप करायला सांगा:

```
http://neverssl.com
```

सुरक्षित साइट मध्येच अडवून लॉगिनचं पान दाखवता येत नाही, ही साधी साइट मात्र अडवता येते, म्हणून पान समोर येतं. तरीही आलं नाही तर ऑफिसचा व्हीपीएन किंवा फोनमधलं प्रायव्हेट डीएनएस चालू असतं. ते पाच मिनिटं बंद करून लॉगिन करायचं, मग परत चालू केलं तरी चालतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन बंद होत नसेल तर आपण त्यात हात घालायचा नाही. "आज रात्री फोनवर चालवून घ्या, सकाळी बघतो" म्हणून सोडून द्या.

लॉबीत नेट उडतं आणि खोलीत मरतं. पाहुण्याला काय सांगायचं?

खरं ते सांगायचं. आपल्याकडची जुनी बांधकामं चिऱ्याची असतात. नऊ इंच-फूटभर जाडीचा जांभा, त्यात पावसाळ्यात मुरलेली ओल, आणि सिग्नल दोन भिंतींत गळून जातो. त्याच नावाची दोन नेटं असतील तर शेवटी "5G" लिहिलेलं लॉबीत वेगवान वाटतं, पण भिंतीपलीकडे तेच आधी सोडतं. खोलीत साधं जोडायला सांगा. ज्या खोल्यांत नेट पोचतच नाही त्यांचे नंबर तुम्हाला पाठ पाहिजेत. रात्री उशिरा येऊन "सकाळी नऊला माझी मीटिंग आहे" म्हणणाऱ्याला त्या खोल्या द्यायच्याच नाहीत.

"उद्या सकाळी नाश्ता" म्हटलं तर काय चुकलं?

बारा वाजून गेल्यावर "उद्या" हा शब्द काउंटरवर बंद. शनिवार सुरू होऊन पाऊण तास झालेला असतो. तुमच्या डोक्यात झोपून उठल्यावरची सकाळ म्हणजे उद्या, फोनच्या पडद्याकडे बघणाऱ्या पाहुण्याच्या डोक्यात उद्या म्हणजे रविवार. नाश्ता चुकला तर फार तर कुरकुर होते. चेकआउट "उद्या अकराला" म्हणालात आणि त्याने रविवार धरला, तर शनिवारी दुपारी दुसरं कुटुंब बॅगा घेऊन तुमच्यासमोर उभं असतं.

वाराचं नाव घ्या. "शनिवारी सकाळी साडेसात ते दहा." आणि जोडीला "आता झोपून उठाल तेव्हा". हिंदीत बोलत असाल तर दुप्पट जपून, तिथे कल मागे पण जातो आणि पुढे पण. "शनिवार सुबह" म्हणा. आणि साडेसात, साडेनऊ ही भाषा दक्षिणेकडच्या किंवा परदेशी पाहुण्यांना कळत नाही. पाकिटावर ७.३० ते १० असं छापून घ्या, इंग्रजी आकड्यांत सुद्धा.

पाहुणा म्हणतो, "आम्ही पहाटे साडेपाचला निघणार, नाश्त्याचं काय?"

स्वयंपाकघर बंद आहे, आचारी झोपलाय, तेव्हा जे तुमच्या हातात आहे तेवढंच कबूल करा. आमच्याकडे रात्री दहाला आचारी जाताना चार पाहुण्यांपुरती शिदोरी फ्रिजमध्ये ठेवून जायचा, ब्रेड-बटर, उकडलेली अंडी, केळी. चहा मी स्वतः करायचो. "गरम पोहे मिळणार नाहीत, पण चहा आणि बांधून नाश्ता पाच वाजता काउंटरवर तयार असेल" असं म्हटलं की लोक खूश असतात. पोह्यांचं कबूल करून ब्रेड दिलात तर तेच लोक चिडतात.

गणपतीपुळ्याकडे असाल तर पंचांग काउंटरवर ठेवा. संकष्टी, आणि ती मंगळवारी आली म्हणजे अंगारकी, त्या दिवशी आदल्या रात्री उशिरा येणारे कितीतरी जण पहाटे दर्शनाच्या रांगेला जातात आणि त्यांना उपवास असतो. त्यांना अंडी-ब्रेड पुढे करू नका. विचारायचं, "उपवास आहे का? मग शेंगदाण्याचा लाडू आणि केळी बांधून ठेवतो." साबुदाण्याची खिचडी हवी असेल तर आचाऱ्याला दहाच्या आत कळायला हवं, साबुदाणा भिजायला वेळ लागतो.

ड्रायव्हरला नाश्ता आहे का, हे कोण सांगणार?

तुम्हीच, न विचारता. पाहुणा संकोचतो, ड्रायव्हर विचारत नाही. त्याची झोपायची सोय कुठे आणि चहा-नाश्ता कुठे हे त्याच्याशीच बोला, "दादा" म्हणून. आठ-दहा तास घाटातून गाडी चालवून तो आलेला असतो.

पाहुणा शुक्रवारची रात्र उलटून पाऊणला आला आणि बुकिंग शनिवारचंच आहे, तरी खोली नाही म्हणतात. चूक कोणाची?

कागदावर पाहुण्याची. तो शुक्रवारी संध्याकाळी निघाला, पोचणार बारानंतर, म्हणून त्याने पोचण्याची तारीख टाकली. हॉटेलच्या हिशोबात मात्र शनिवारची खोली शनिवारी दुपारी सुरू होते. त्याला हवी होती शुक्रवारची रात्र.

"तुमचं बुकिंग आज नाहीये" हे वाक्य पहिल्यांदा काढू नका. "बसा, तुमचं बुकिंग दिसतंय, तारखेत थोडा फरक आहे, दोन मिनिटं द्या." मग खोली रिकामी आहे का बघा. असेल तर उरलेल्या रात्रीचे किती घ्यायचे हे मालकाने आधीच ठरवून दिलेलं हवं, रात्री एकला फोन करून विचारायची वेळ येऊ नये. आमच्याकडे अर्धं भाडं घ्यायचे. नसेल तर शेजारी कुठे जागा आहे ते तुम्ही फोन करून ठरवायचं, त्याला अंधारात शोधायला लावायचं नाही.

अशा पाहुण्याचं कार्ड करताना जपा. काही सॉफ्टवेअर कार्डात सुरुवातीची वेळही लिहितात. बुकिंगवरून तसंच कार्ड केलंत तर ते शनिवारी दुपारी दोनपर्यंत लाल दिवाच दाखवेल. सुरुवात "आत्तापासून" करून घ्या. उलट फसगतही होते. शुक्रवारची एकच रात्र असलेल्या पाहुण्याचं कार्ड पाऊण वाजता "एक रात्र" म्हणून केलं, तर कंप्यूटर शनिवारपासून मोजतो आणि कार्ड रविवारपर्यंत चालतं. म्हणून रात्रींचा आकडा टाकू नका, चेकआउटची तारीख आणि वेळ हाताने टाका.

हे सगळं टाळायचं असेल तर संध्याकाळी सहाला दुसऱ्या दिवशीच्या बुकिंगवाल्यांना फोन लावा. "आज रात्री बारानंतर पोचताय की उद्या दुपारी?" एवढंच विचारायचं.

कुठलंच कार्ड लागत नाही, अगदी मास्टरसुद्धा. रात्रीचे दोन वाजलेत.

सेल गेले. बहुतेक कुलपांत चार पेन्सिल सेल असतात आणि ते संपत आले की कुलूप आधी काही दिवस वेगळा दिवा किंवा टूंटूं देतं. हाउसकीपिंगने ते सांगायला हवं असतं, सांगत नाहीत. आपल्याकडे खाऱ्या हवेने सेलच्या टोकांना हिरवट बुरशीसारखा थर चढतो, त्यामुळे सेल नवे असूनही कुलूप मरतं. टोकं कोरड्या कापडाने पुसली की पुष्कळदा जागं होतं. सेल बाहेर फार वेळ राहिले तर काही कुलपांचं घड्याळ मागे पडतं आणि मग चांगली कार्डंही लाल दाखवतात. ते घड्याळ परत लावायचं यंत्र कुठल्या कपाटात आहे ते माहीत करून घ्या.

पण सेलचा कप्पा दाराच्या आतल्या बाजूला असतो आणि दार बंद आहे. तेव्हा लोखंडी किल्ली. ती मालकाच्या घरी नको, काउंटरच्या कुलूपबंद खणात हवी. पाहुण्याला दारात ताटकळत ठेवू नका. "खाली बसा, चहा टाकतो" म्हणा, किल्ली घ्या आणि दार उघडून, सेल बदलून, त्याचंच कार्ड दोनदा लावून बघा. मग त्याला वर बोलवा.